धोरणात लिहिलेलं नाही, म्हणून रजा नाही?

सेनगाव तालुक्यातल्या गावात वडिलांना पहाटे अर्धांगवायूचा झटका येतो. हिंगोलीच्या जिल्हा रुग्णालयातून त्यांना नांदेडला हलवायला सांगतात. मुलगा हिंगोलीत एका ट्रॅक्टर शोरूममध्ये नोकरीला आहे. तो मॅनेजरला फोन करतो आणि उत्तर येतं, “सीझन चालू आहे. आपल्या रजेच्या नियमात घरच्या अडचणीची सुट्टी नाही. आला नाहीस तर खाडा धरू, आणि जास्त दिवस झाले तर दुसरा माणूस बघू.”

हा प्रसंग मी बेतलेला आहे, पण ही भाषा नोकरदारांच्या ओळखीची आहे. मॅनेजरच्या या उत्तरात तीन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत: रजा नाकारणं, पगार कापणं आणि कामावरून काढणं. कायदा या तिन्हींकडे वेगवेगळ्या नजरेने पाहतो. त्या वेगळ्या करून पाहिल्या की आपलं कुठे चालतं आणि मालकाचं कुठे, हे कळतं.

थोडक्यात उत्तर

खासगी नोकरीत “कौटुंबिक आणीबाणीची रजा” अशा नावाचा स्वतंत्र हक्क आपल्याकडच्या कायद्यात नाही. ब्रिटनमध्ये 1996 च्या कायद्याने अवलंबून असलेल्या माणसासाठी कामावरून वाजवी वेळ, बिनपगारी का होईना, काढण्याचा हक्क दिला आहे. तसं कलम आपल्याकडे नाही. त्यामुळे काही परिस्थितीत मालक रजा नाकारू शकतो, हे आधी मान्य करायला हवं.

पण धोरण गप्प आहे याचा अर्थ मनाई आहे असा होत नाही. मालकाने लिहिलेला कागद कायद्याच्या वर नसतो. त्यात जे लिहिलेलं नाही ते आधी कायद्यात शोधायचं, मग तुमच्या नेमणूक पत्रात, मग त्या दुकानात किंवा कंपनीत आजवर चालत आलेल्या वहिवाटीत. या तिन्हींत काही सापडलं नाही, तरच गोष्ट मालकाच्या मर्जीवर येते.

आधी माणसं मोजा

दुकानं, शोरूम, हॉटेलं, खासगी कार्यालयं यांना महाराष्ट्र दुकाने व आस्थापना (नोकरीचे व सेवाशर्तीचे विनियमन) अधिनियम, 2017 लागू होतो. तो 19 डिसेंबर 2017 पासून अमलात आहे. त्यातल्या रजेच्या तरतुदी सुरुवातीला दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना होत्या. सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा वीस करायला मंजुरी दिली आणि त्यानंतर अध्यादेश निघाला. म्हणून पहिलं काम सोपं आहे: तुमच्या मालकाकडे एकूण किती माणसं आहेत ते मोजा. हजेरीपटावर नावं कमी दिसत असतील, पण प्रत्यक्षात जास्त लोक राबत असतील, तर तेही टिपून ठेवा.

संख्या पुरेशी असेल, तर कलम 18 तुमच्या कामाचं आहे. त्यानुसार प्रत्येक कामगाराला वर्षाला आठ दिवसांची पगारी किरकोळ रजा मिळते. ती दर तिमाहीला खात्यात जमा होते, म्हणजे तिमाहीला दोन, आणि वर्षाअखेर शिल्लक राहिली तर वाया जाते. धोरणात किरकोळ रजेचा उल्लेख नसला तरी ही रजा आहेच. “आमच्याकडे किरकोळ रजा देत नाहीत” हे वाक्य अशा आस्थापनेत कायद्यापुढे टिकत नाही.

किरकोळ रजा कशासाठी असते, हेही कायद्याच्या क्षेत्रात नवं नाही. कारखान्यांसाठी 1946 च्या स्थायी आदेश कायद्याखाली जो केंद्रीय नमुना तयार झाला, त्यात म्हटलं होतं की ही रजा आधी कल्पना करता येत नाही अशा खास प्रसंगांसाठी आहे. सहसा आधी परवानगी घ्यावी, पण ते शक्य नसेल तर शक्य तितक्या लवकर, गैरहजेरी आणि तिचे अंदाजे दिवस लेखी कळवावेत. तो नमुना शोरूमला थेट लागू होत नाही. तरी अचानक आलेल्या प्रसंगात कामगाराने काय करणं रास्त मानलं जातं, हे त्यातून स्पष्ट होतं.

मालक खरोखर कुठे नाही म्हणू शकतो

दुसरी रजा अर्जित रजा. 2017 च्या कायद्यानुसार आधीच्या वर्षात 240 दिवस काम केलं असेल, तर वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस या हिशेबाने ती पुढच्या वर्षी मिळते. 45 दिवसांपर्यंत ती साठवता येते. 21 नोव्हेंबर 2025 पासून केंद्राच्या चार कामगार संहिता अमलात आल्या. त्यातल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाच्या परिस्थितीविषयीच्या संहितेतही वीस दिवसांना एक असाच दर आहे. फक्त तिथे पात्रतेसाठी वर्षात 180 दिवस काम पुरतं. ही संहिता दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी आहे.

रजा शिल्लक असणं आणि ती आजच मिळणं यात मात्र फरक आहे. अर्जित रजा कधी घ्यायची याचं नियोजन मालक कामाच्या सोयीने करू शकतो. त्यासाठी आधी अर्ज मागणं रीतसर आहे. पंधरा दिवस आधी अर्ज करायला हवा, असा नियम धोरणात असेल आणि तुम्ही सकाळी फोन करून दहा दिवस मागितले, तर मालक त्या दहाही दिवसांची पगारी अर्जित रजा देण्यास बांधील आहे, असं छातीठोकपणे सांगता येणार नाही. मागणं तुमच्या हाती, मंजुरी त्याच्या हाती. इथेच खरा वाद होतो.

किरकोळ रजेतही तो कारणाचा पुरावा मागू शकतो. तोही रास्तच आहे. मात्र पुरावा मागणं आणि रजाच नाही म्हणणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

रजा नाकारली म्हणजे नोकरी गेली असं नाही

समजा, रजा नाकारली आणि तरीही तुम्ही गेलात. घरातला माणूस मरणाच्या दारात असताना बहुतेक जण जातातच. आता प्रश्न रजेचा राहत नाही, गैरहजेरीचा होतो. आणि गैरहजेरीबद्दल सर्वोच्च न्यायालयाच्या दोन निकालांचा आधार घेता येतो.

पहिला 2012 चा, कृष्णकांत परमार विरुद्ध भारत सरकार. परमार गुप्तचर विभागात होते, म्हणजे प्रकरण सरकारी सेवकाचं होतं. न्यायालयाने म्हटलं की परवानगीशिवाय गैरहजर राहणं हे प्रत्येक वेळी मुद्दाम केलेलं नसतं. आजारपण, अपघात, रुग्णालयात दाखल होणं यांसारख्या, माणसाच्या हाताबाहेरच्या कारणांनीही माणूस कामावर येऊ शकत नाही. गैरवर्तनाचा ठपका ठेवायचा असेल तर गैरहजेरी मुद्दाम होती, हे शिस्तभंगाची कारवाई करणाऱ्याने सिद्ध करायचं असतं.

दुसरा 1993 चा, डी. के. यादव विरुद्ध जेएमए इंडस्ट्रीज, हा खासगी उद्योगातला. तिथल्या स्थायी आदेशात अशी तरतूद होती की कामगार आठ दिवसांपेक्षा जास्त परवानगीशिवाय गैरहजर राहिला तर त्याची नोकरी आपोआप संपते. कंपनीने तेवढ्याच आधारावर कामगाराचं नाव कमी केलं. न्यायालयाने सांगितलं की नियमात तसं लिहिलं असलं तरी कामगाराची बाजू ऐकल्याशिवाय आणि चौकशी केल्याशिवाय त्याला काढता येणार नाही. त्याला अर्ध्या मागच्या वेतनासह कामावर घेण्याचा आदेश झाला.

म्हणून “जास्त दिवस झाले तर दुसरा माणूस बघू” ही धमकी वाटते तेवढी सोपी नाही. कामगाराला नोटीस द्यावी लागते, त्याचं म्हणणं ऐकावं लागतं. आणि वर्षभर सलग काम केलेल्या कामगाराला कपात म्हणून काढायचं, तर एक महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार आणि प्रत्येक वर्षाच्या सेवेमागे पंधरा दिवसांच्या वेतनाची भरपाई द्यावी लागते. हा नियम लहान दुकानालाही लागतो, तिथे माणसं मोजावी लागत नाहीत. मात्र हे “कामगार” म्हणून मोडणाऱ्यांसाठी आहे. व्यवस्थापकांसाठी नाही.

या निकालांचा उलटा अर्थ काढू नका. वारंवारची, लांबलेली आणि न कळवलेली गैरहजेरी न्यायालयांनी गंभीर मानून बडतर्फी कायमही केली आहे. संरक्षण मिळतं ते कळवणाऱ्याला आणि कागद जपणाऱ्याला.

एक उदाहरण, हिशेबासकट

सुरुवातीच्या शोरूमकडे परत येऊ. तिथे 24 माणसं आहेत. रजेचं धोरण अर्ध्या पानाचं: आठवड्याची सुट्टी, वार्षिक रजा, आणि त्यासाठी पंधरा दिवस आधी अर्ज. आणीबाणीबद्दल अक्षरही नाही. मुलाचा पगार महिना 15,600 रुपये. महिन्याचे 26 कामाचे दिवस धरले तर दिवसाला 600.

ऑक्टोबरचा महिना. सोयाबीन निघालेलं, दिवाळी तोंडावर, म्हणून शोरूममध्ये गर्दी. सप्टेंबरअखेर तीन तिमाह्या पूर्ण झाल्यामुळे त्याच्या खात्यात सहा किरकोळ रजा निश्चित जमा आहेत. दोन त्याने वापरल्या, चार शिल्लक. गेल्या वर्षी तो 280 दिवस कामावर होता, म्हणून 14 दिवसांची अर्जित रजा आहे. मंगळवारी वडिलांना झटका आला. नांदेडला सगळं स्थिर होईपर्यंत तो पुढच्या गुरुवारपर्यंत थांबला. मधला रविवार सोडला तर कामाचे नऊ दिवस गेले.

पहिले चार दिवस किरकोळ रजेचे, पगारी. उरलेल्या पाच दिवसांसाठी त्याने अर्जित रजा मागितली. मालकाने ती दिली तर काहीच नुकसान नाही. नाही दिली तर पाच दिवस बिनपगारी, म्हणजे 3,000 रुपये कमी. ही कपात कायदेशीर आहे.

पण पगाराच्या दिवशी मालकाने नऊही दिवसांचे 5,400 कापले, तर त्यातल्या 2,400 वर मुलाचा हक्क आहे. आणि “एका खाड्याला दोन दिवस” या बाजारातल्या जुन्या सवयीने 10,800 कापले, तर ते उघड चूक. वेतन संहितेनुसार गैरहजेरीबद्दलची कपात गैरहजेरीच्या काळाच्या प्रमाणातच असावी लागते. एक दिवस न आल्याबद्दल एका दिवसापेक्षा जास्त कापता येत नाही. शिवाय ही संहिता माणसांच्या संख्येवर अवलंबून नाही. चार माणसांच्या कापड दुकानातही ती लागू आहे, आणि त्या दुकानातल्या नोकराला किरकोळ रजेचा कायदा मिळत नसला तरी दुप्पट खाड्याविरुद्ध हा आधार आहे.

त्या दिवशी काय करायचं

गाडीत बसल्याबसल्या मॅनेजरला फोन करा, पण फोनवर थांबू नका. फोन झाला की लगेच व्हॉट्सअॅपवर किंवा एसएमएसने लिहा. फोनवर झालेलं बोलणं सिद्ध करणं अवघड असतं, लिहिलेल्या संदेशाला तारीख आणि वेळ असते. मजकूर साधा ठेवा:

“सर, माझ्या वडिलांना आज पहाटे अर्धांगवायूचा झटका आला. त्यांना नांदेडला हलवत आहोत. मी आज कामावर येऊ शकत नाही. अंदाजे चार दिवस लागतील. कृपया शिल्लक किरकोळ रजा मंजूर करावी. पुढची स्थिती परवा कळवतो. कागदपत्रं कामावर आल्यावर देतो.”

यात चार गोष्टी आहेत: कारण, किती दिवस, कोणती रजा आणि पुन्हा कधी कळवणार. शेवटची सगळ्यात महत्त्वाची. दिवस वाढले तर प्रत्येक वेळी नवा संदेश टाका आणि वाढीव दिवसांसाठी अर्जित रजा मागा, ती शक्य नसेल तर बिनपगारी रजा मागा. “रजा द्या” एवढंच लिहिलं तर मालक एका शब्दात नाही म्हणतो. दोन पर्याय दिले तर त्यातला एक नाकारताना त्याला कारण सांगावं लागतं, आणि पुढे अधिकाऱ्यासमोर ते कारणच पाहिलं जातं.

मॅनेजरने फोनवर नाही म्हटलं, तर वाद घालू नका. संदेशात एवढंच लिहा: “आपण फोनवर रजा नाकारल्याचं सांगितलं. वडिलांच्या प्रकृतीमुळे येणं शक्य नाही. शक्य तितक्या लवकर हजर होतो.” नकार आणि तुमची अडचण, दोन्ही एकाच जागी नोंदली जातात.

रुग्णालयातून दाखल झाल्याची चिठ्ठी, नांदेडला पाठवल्याचा कागद, औषधांची बिलं आणि घरी सोडल्याचं पत्र जपून ठेवा. कागदावर रुग्णाचं नाव आणि तारीख आहे ना, हे तिथेच पाहा. रुग्णालयाच्या शिक्क्याशिवायची मोबाइलवर काढलेली चित्रं नंतर कमी कामी येतात.

कामावर परतल्याच्या दिवशी लेखी अर्ज द्या आणि त्याच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. पोच देत नसतील तर तोच अर्ज पोचपावतीसह नोंदणीकृत टपालाने पाठवा. कामावर घ्यायला नकार दिला, गेटवरच थांबवलं, तर त्याच दिवशी तसं लिहून पाठवा. “हजर व्हायला आलो होतो, परत पाठवलं” ही तारखेची नोंद नसली, तर मालक उद्या म्हणेल की हा स्वतःच नोकरी सोडून गेला.

सरकारी नोकर आणि शिक्षक

सरकारी कर्मचाऱ्यांचं गणित वेगळं आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, 1981 मध्ये स्पष्ट म्हटलं आहे की रजा हक्क म्हणून मागता येत नाही आणि सार्वजनिक सेवेची निकड असेल तर ती नाकारता येते. म्हणून तिथे “नियमात लिहिलेलं नाही” यापेक्षा “निकड होती का” हा प्रश्न जास्त उपयोगाचा. नकार आला तर तो लेखी मागा आणि वरिष्ठांकडे जा. परमार निकाल मात्र अशा कर्मचाऱ्यांना थेट कामी येतो. खासगी शाळेतल्या शिक्षकांना त्यांचे वेगळे सेवानियम आहेत, ते संस्थेच्या धोरणाआधी पाहावेत.

तक्रार कुठे

आधी मालकाला लेखी विनंती करा: किती दिवस, किती कपात, कोणत्या कलमाखाली आक्षेप. पुष्कळ प्रकरणं इथेच मिटतात, कारण हिशेबाने लिहिलेल्या कागदापुढे “आपल्याकडे असंच असतं” हे उत्तर अपुरं पडतं. उत्तर नाही आलं, तर हिंगोलीच्या कामगार विभागाच्या कार्यालयात जा. 2017 च्या कायद्याखाली तपासणीचं काम “सुविधाकार” नावाचा अधिकारी करतो. रजा नाकारणं आणि कपात करणं, या दोन्हींची तक्रार वेगवेगळी लिहा, म्हणजे एक अडकली तरी दुसरी पुढे सरकते. वेतन संहितेनुसार कपातीची मागणी तीन वर्षांच्या आत करता येते. पण साक्षीदारांच्या आठवणी तीन वर्षं टिकत नाहीत. नोकरीच गेली असेल, तर आधी समेट अधिकाऱ्याकडे अर्ज आणि तिथे मिटलं नाही तर न्यायाधिकरण, असा रस्ता आहे. तिथे उशीर करू नका. वकील लगेच परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत सल्ला मागता येतो.

मालकांसाठी चार ओळी

हळदीच्या यार्डापासून शोरूमपर्यंत, हिंगोलीतली बहुतेक धोरणं छापील नमुन्यावरून उतरवलेली असतात. त्यात एवढी भर घाला: “कुटुंबातील व्यक्तीचा अचानक गंभीर आजार, अपघात किंवा मृत्यू झाल्यास कर्मचाऱ्याने त्याच दिवशी लेखी कळवावे. त्यानुसार शिल्लक किरकोळ रजा, नंतर अर्जित रजा, आणि तीही संपल्यास बिनपगारी रजा देण्यात येईल. कागदपत्रे कामावर परतल्यावर सात दिवसांत द्यावीत.” यात मालकाचं फारसं जात नाही: किरकोळ रजा तशीही द्यावी लागते आणि बिनपगारी दिवसांचा पगार नाहीच. उलट कोणी खोटं कारण सांगितलं, तर कागद मागायचा आधार हाती येतो.

आणि नोकरी करणाऱ्यांनी संकट येण्याची वाट पाहू नये. आज कामावर जाल तेव्हा आपल्या किरकोळ आणि अर्जित रजेची शिल्लक लेखी मागून घ्या.